११२ ला मेसेज आला, तर पुढे काय?

११२ या आणीबाणीच्या नंबरवर फोन लागला की पलीकडून विचारतात, काय झालंय? मग, कुठे आहात? हे प्रश्न इतके सवयीचे आहेत की त्यांना उत्तर द्यायला कान आणि आवाज दोन्ही लागतात, हे ध्यानातच येत नाही. कर्णबधिर माणसाने हाच नंबर फिरवला तर त्याला पलीकडचं काही कळत नाही. पलीकडच्याला एकतर शांतता ऐकू येते, नाहीतर शब्दांत न बसणारा आवाज. कंट्रोल रूममध्ये अशा कॉलला ‘ब्लँक कॉल’ म्हणतात. खिशात दाबला गेलेला फोन, खेळता खेळता पोराने लावलेला नंबर, मुद्दाम छळणारे रिकामटेकडे, या सगळ्यांचे ब्लँक कॉल येतच असतात. त्यामुळे कॉल घेणारा दोनदा ‘हॅलो’ म्हणतो आणि पुढच्या कॉलकडे वळतो. त्याला तसंच शिकवलेलं असतं.

२०११च्या जनगणनेत ऐकण्याचं अपंगत्व असलेली सुमारे ५० लाख माणसं देशात नोंदली गेली, बोलण्याचं अपंगत्व असलेली सुमारे २० लाख. म्हातारपणी कान गेलेले, घशाच्या कॅन्सरनंतर स्वरयंत्र काढलेले, पक्षाघाताने वाचा गेलेले यांतले कितीतरी जण अशा नोंदीत येतही नाहीत. त्यांच्यासाठी जगभर दोन वाटा तयार झाल्या आहेत, लेखी मेसेज आणि व्हिडिओ कॉल. आपल्याकडेही ११२ ची यंत्रणा आवाजी कॉलखेरीज एसएमएस, ईमेल आणि ‘११२ इंडिया’ ॲप यांवरून मदत मागता यावी अशीच आखलेली आहे. पण एखाद्या नंबरला मेसेज घेता येणं वेगळं आणि त्या मेसेजवरून गाडी योग्य दारात पोहोचणं वेगळं.

एसएमएसचा प्रवास

आणीबाणीच्या आवाजी कॉलला मोबाईल नेटवर्क खास वागणूक देतं. आपल्या कंपनीची रेंज नसेल तर तो बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जाऊ शकतो. गर्दी असली तरी त्याला पुढे काढलं जातं. कॉल कोणत्या टॉवरवरून आला हेही ११२ च्या केंद्राला कळू शकतं. एसएमएसचं तसं नाही. तो आधी कंपनीच्या मेसेज केंद्रात जाऊन पडतो आणि तिथून पुढे ढकलला जातो. बहुतेक वेळा हे काही सेकंदांत होतं, पण किती वेळात पोहोचेल याची हमी कोणी देत नाही. दोन मेसेज पाठवले तर दुसरा आधी पोहोचू शकतो. आपली रेंज नसेल तर तो दुसऱ्याच्या टॉवरवरून जात नाही. आणि मेसेज वाचून पाठवणारा कुठे आहे हे कळत नाही, त्याने लिहिलं असेल तेवढंच कळतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. इंग्रजी अक्षरांत एका एसएमएसमध्ये १६० चिन्हं मावतात, देवनागरीत फक्त ७०. त्यातही काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त हे सगळं वेगवेगळं मोजलं जातं. ‘रुग्णवाहिका’ हा शब्द आपल्याला पाच अक्षरांचा दिसतो, फोनच्या हिशेबात तो अकरा चिन्हांचा आहे. ‘वडिलांच्या छातीत दुखतंय, रुग्णवाहिका पाठवा’ एवढ्यातच ४२ चिन्हं संपतात. पत्त्याला उरतात २८. त्यात ‘शाहूपुरी, गणेश मंदिरामागे, तिसरी गल्ली’ बसत नाही. मग मेसेजचे दोन तुकडे होतात, ते वेगवेगळे प्रवास करतात आणि पलीकडे पुन्हा जोडले जातात. एक तुकडा अडकला की पलीकडे अर्धवट मजकूर दिसतो किंवा काहीच दिसत नाही. म्हणून पत्ता आधी आणि दुखणं नंतर, हा क्रम लोकांना आधीपासून शिकवायला हवा.

ब्रिटनने या मर्यादा मान्य करूनच आपली सेवा बांधली. तिथे ९९९ ला एसएमएस पाठवण्याचा प्रयोग २००९ साली सुरू झाला. सेवा वापरायची तर आधी नोंदणी लागते. `register` एवढा शब्द ९९९ ला पाठवायचा, सेवेची माहिती देणारं उत्तर येतं, मग `yes` पाठवायचं, की नंबर नोंदला गेल्याचा निरोप येतो. नोंदणीमुळे थट्टेखोर मेसेज आपोआप कमी होतात, पण मला तिचा दुसरा फायदा जास्त मोलाचा वाटतो. आपल्या फोनवरून, आपल्या कंपनीच्या नेटवर्कवरून मेसेज खरोखर जातो आणि उत्तर परत येतं, याची खात्री माणसाला शांत डोक्याने करून घेता येते.

संकटात मेसेज पाठवला की तो मधल्या एका माणसाकडे जातो. तो मेसेज ९९९ च्या ऑपरेटरला वाचून दाखवतो आणि ऑपरेटरचं बोलणं टाईप करून परत पाठवतो. नोंदणी करणाऱ्यांना स्पष्ट सांगितलेलं असतं की उत्तर यायला साधारण दोन मिनिटं लागतात, तीन मिनिटांत आलं नाही तर पुन्हा मेसेज करा, आणि उत्तर येईपर्यंत मेसेज पोहोचला असं धरून चालू नका. सरकारी सेवेने इतक्या सरळपणे स्वतःची कमतरता सांगितलेली मी फार कमी ठिकाणी पाहिली आहे.

अमेरिकेत अडचण वेगळी होती. तिथे ९११ ची केंद्रं हजारो आहेत आणि प्रत्येकाने मेसेज घ्यायची सोय एकाच वेळी केली नाही. आयोवा राज्यातल्या ब्लॅक हॉक काउंटीने २००९ मध्ये सुरुवात केली, शेजारच्या काउंटीत मात्र तोच मेसेज कुठेच पोहोचला नसता. माणूस मेसेज पाठवून निर्धास्त बसणार, आणि पलीकडे वाचणारं कोणीच नाही. म्हणून तिथल्या दूरसंचार आयोगाने २०१३ मध्ये मोबाईल कंपन्यांवर सक्ती केली, की जिथे सोय नाही तिथे मेसेज नुसता गिळून टाकायचा नाही, ‘इथे मेसेजची सेवा नाही, दुसऱ्या मार्गाने संपर्क करा’ असं उत्तर लगेच परत पाठवायचं. अशी सेवा टप्प्याटप्प्याने सुरू करणाऱ्या कोणत्याही राज्याने हा नियम पहिल्या दिवसापासून लावायला हवा.

साताऱ्यातली एक रात्र

आता एक प्रसंग कल्पून पाहू. साताऱ्यातला एक कर्णबधिर तरुण, घरात तो आणि त्याचे वडील. रात्री २ वाजून १० मिनिटांनी केंद्रात मेसेज येतो:

“बाबा छाती दुखणे घाम खूप लवकर”

न शिकवलेला ऑपरेटर हे वाचून थबकतो. पोराने केला असेल, कोणी प्यालेला असेल, असं त्याला वाटू शकतं. खरं कारण असं की जन्मापासून किंवा अगदी लहानपणापासून ऐकू न येणाऱ्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते. मराठी त्यांना डोळ्यांनी, पुस्तकातून आणि उशिरा भेटलेली असते. भारतीय सांकेतिक भाषेला स्वतःचं व्याकरण आहे. तिच्यात ‘ला’, ‘चा’, ‘मध्ये’ असे प्रत्यय शब्दाला चिकटत नाहीत, आणि ‘काय’, ‘कुठे’, ‘नाही’ हे सहसा वाक्याच्या शेवटी येतात. त्या सवयीने लिहिलेली मराठी तुटक दिसते, पण वरच्या मेसेजमध्ये डॉक्टरला हवं ते जवळजवळ सगळं आहे.

आता ऑपरेटरने असं उत्तर दिलं असं समजा: “कृपया आपला संपूर्ण पत्ता, रुग्णाचे वय, पूर्वीचे आजार व त्रास केव्हापासून सुरू आहे ते कळवावे.” भाषा सभ्य आहे, पण प्रश्न चार आहेत. पोरगा घाबरलेला आहे, एका हाताने वडिलांना धरून आहे. तो यातल्या कुठल्यातरी एकाचं उत्तर देईल, बहुतेक वयाचं, कारण ते सोपं आहे. पत्ता राहील, आणि आणखी दोन-तीन मिनिटं जातील.

शिकलेला ऑपरेटर असं लिहील:

“११२ पोलीस. मेसेज मिळाला. पत्ता? गाव, भाग, जवळची खूण.”

२ वाजून १२ मिनिटांनी उत्तर: “सातारा शाहूपुरी गणेश मंदिर मागे ३ गल्ली निळा गेट.” इथे गाडी निघायला हवी, बाकी माहितीसाठी थांबायचं नाही. १०८ च्या रुग्णवाहिकेकडे निरोप जात असतानाच ऑपरेटर पत्ता जसाच्या तसा परत लिहितो आणि शेवटी विचारतो, “बरोबर? हो / नाही.” मग एका वेळी एकच प्रश्न, तोही निवडून उत्तर देता येईल असा:

“गाडी निघाली. बाबा जागे? हो / नाही.”

“हो”

“श्वास: नेहमीसारखा / कठीण / बंद?”

“कठीण”

“बाबांना बसवा. चालू देऊ नका. दार उघडा. बाहेरचा दिवा लावा.”

‘श्वास’ला तीन पर्याय का दिले, हे पाहण्यासारखं आहे. पोराने आपणहून “बाबा श्वास नाही” असं लिहिलं असतं तर त्याचा अर्थ दम लागलाय असाही होऊ शकतो आणि श्वास थांबलाय असाही. पहिल्या अर्थी बसवून ठेवायचं, दुसऱ्या अर्थी ताबडतोब छाती दाबायला घ्यायची. आवाजी कॉलवर ऑपरेटरला मागची धाप ऐकू येते आणि निम्मं काम होतं. मेसेजमध्ये ती नाही, म्हणून शंका आली की डोळ्यांना दिसणारं विचारायचं: “छाती वर-खाली हलते? हो / नाही.” अशी वाक्यं ऐन वेळी सुचत नाहीत. ती आधीच लिहून, कर्णबधिर लोकांना वाचायला देऊन, त्यांना खरंच कळतात का हे पाहून, ऑपरेटरच्या पडद्यावर तयार ठेवावी लागतात. माझा अंदाज असा की असं वाचून घेताना कार्यालयात लिहिलेल्या वाक्यांपैकी बरीच बाद होतील.

गाडी येईपर्यंत दर दोन मिनिटांनी एक छोटा मेसेज जात राहिला पाहिजे. फोनवर ओळ चालू असली की माणसाला धीर असतो. मेसेजमध्ये शांतता पसरली की पलीकडचे सोडून गेले असंच वाटतं. मग तो दुसऱ्या कुणाला मेसेज करायला लागतो, किंवा घर सोडून रस्त्यावर धावतो.

गाडीवाल्याचा फोन

माझ्या मते सगळ्यात जास्त घोळ इथून पुढे होतो. केंद्रात सगळं नीट झालं, गाडी निघाली, गणेश मंदिरापाशी आली. मागे गल्ल्या तीन, कुठल्या बाजूने मोजायच्या ते कळत नाही. आपल्याकडे अशा वेळी ड्रायव्हर काय करतो? फोन लावतो. ‘साहेब, मंदिरापाशी आलोय, आता कुठे?’ आपले पत्ते खुणांवर चालतात, आणि शेवटचे दोनशे मीटर प्रत्येक गाडी, मग ती रुग्णवाहिका असो नाहीतर जेवण पोहोचवणारी, फोनवर विचारूनच कापते.

पोराच्या खिशात फोन थरथरतो. अनोळखी नंबर. उचलून उपयोग नाही, म्हणून तो कापतो, किंवा वडिलांकडे लक्ष असल्याने त्याला कळतही नाही. ड्रायव्हर पुन्हा लावतो, मग आणखी एकदा. शेवटी तो केंद्राला कळवतो, ‘फोन उचलत नाही.’ कंट्रोल रूमच्या रोजच्या कामात ‘फोन उचलत नाही’ हा शेरा खोट्या कॉलची खूण मानला जातो. केस बंद व्हायला एवढं पुरतं, आणि नोंदीत कुणाचीच चूक दिसत नाही.

हे टाळायला महागडं काही लागत नाही. घटनेची नोंद गाडीतल्या पडद्यावर जाते. तिची पहिली ओळ, इतर कशाच्याही आधी, अशी असली पाहिजे: “कॉलर कर्णबधिर. फोन नको, मेसेज करा.” ही ओळ ऑपरेटरने आठवणीने टाईप करायची नाही, मेसेजवरून आलेल्या प्रत्येक घटनेला ती आपोआप लागली पाहिजे. गाडीच्या फोनवरून मेसेज जायची सोय हवी, आणि तो नंबर पोराला आधीच कळवलेला हवा, नाहीतर अनोळखी मेसेजही बाजूला पडतो. ड्रायव्हरला गाडी चालवताना मेसेज करता येत नसेल तर केंद्राने मध्यस्थी करावी: “गाडी मंदिरापाशी. गेटबाहेर या. मोबाईलचा टॉर्च हलवा.” रात्री टॉर्च लांबून दिसतो, हाकेची गरजच उरत नाही.

दारात पोहोचल्यावरही थोडं भान लागतं. बेल वाजवून आणि दार ठोठावून उपयोग नाही, खिडकीतून उजेड हलवावा. बोलताना तोंडावर उजेड हवा, मास्क खाली हवा. पोलिसांसाठी एक वेगळी गोष्ट आहे. सांकेतिक भाषा बोलणाऱ्याचे हात पाठीमागे बांधले तर त्याचं तोंड बांधल्यासारखंच होतं. आणि घरातल्या आठ-दहा वर्षांच्या ऐकू येणाऱ्या मुलाला दुभाषी म्हणून पुढे करू नये. घरगुती मारहाणीच्या प्रकरणात तर मुळीच नाही.

व्हिडिओची वाट

लिहिणं ज्यांना जड जातं त्यांच्यासाठी व्हिडिओ हाच खरा मार्ग आहे. ब्रिटनमध्ये १७ जून २०२२ पासून ‘९९९ बीएसएल’ ही सेवा सुरू आहे. मोफत ॲप किंवा वेबसाइटवरचं लाल बटण दाबलं की ब्रिटिश सांकेतिक भाषेचा दुभाषी पडद्यावर येतो, तोच ९९९ ला आवाजी कॉल जोडतो आणि दोघांमध्ये बोलणं पोहोचवतो. दिवसरात्र, सगळे दिवस. पोलीस, रुग्णवाहिका, अग्निशमन यांना आपली यंत्रणा बदलावी लागली नाही, त्यांच्याकडे नेहमीसारखा कॉलच येतो.

फ्रान्सने दुसरी वाट धरली. तिथे ११४ हा वेगळा नंबर २०११ पासून आहे आणि त्याचं केंद्र ग्रेनोबलच्या विद्यापीठ रुग्णालयात आहे. सुरुवात एसएमएस आणि फॅक्सवर झाली, पुढे व्हिडिओ आणि थेट चॅट आले. केंद्रात ऐकू येणारे आणि कर्णबधिर असे दोन्ही कर्मचारी एकत्र काम करतात. म्हणजे तिथे दुभाष्यामार्फत बोलावं लागत नाही, ऑपरेटरच सांकेतिक भाषेत प्रश्न विचारतो आणि मग जवळच्या सेवेला कळवतो. एप्रिल २०२० मध्ये, टाळेबंदीत, हा नंबर घरात मारहाण सोसणाऱ्यांसाठीही एसएमएसपुरता खुला केला गेला, कारण मारणारा शेजारच्या खोलीत असला की ऐकू येणाऱ्या बाईलाही बोलता येत नाही.

व्हिडिओला स्वतःच्या अडचणी आहेत. चांगलं नेटवर्क लागतं, उजेड लागतो आणि मोकळे हात लागतात. साताऱ्याच्या त्याच घरात वडिलांचा श्वास थांबला असं धरा. ऐकू येणारा माणूस फोन स्पीकरवर ठेवतो, दोन्ही हातांनी छाती दाबतो आणि ऑपरेटर मोजत राहतो. कर्णबधिर पोराने हात छातीवर ठेवले की त्याचं बोलणं बंद, आणि मान खाली घातली की ऐकणंही बंद. त्यामुळे क्रम बदलावा लागतो. आधी फोन भांड्याला टेकवून, वडिलांच्या डोक्यापलीकडे उभा करायला सांगायचं, म्हणजे दाबता दाबता नजर वर केली की पडदा दिसेल. मग दुभाषी हात कुठे ठेवायचे ते स्वतःच्या छातीवर दाखवेल आणि मिनिटाला १०० ते १२० या वेगाने हात वर-खाली करून ताल धरून देईल. पोराला फक्त तो ताल पाहायचा आहे, उत्तर द्यायचं नाही. हे दुभाष्याच्या नेहमीच्या शिक्षणात येत नाही, वेगळं शिकवावं लागतं.

अंधारात किंवा धुरात व्हिडिओ निकामी होतो. म्हणून त्याच कॉलमध्ये लिहायचीही सोय हवी, आणि लिहिलेलं अक्षर-अक्षर तत्क्षणी पलीकडे दिसलं तर फारच चांगलं. अशा तंत्रात ‘पाठवा’ हे बटण नसतं. माणूस “आग स्वयंपाक” एवढं लिहून थांबला तरी तेवढं ऑपरेटरला दिसलेलं असतं. एसएमएसमध्ये अर्धं वाक्य फोनमध्येच राहून जातं.

भारतात व्हिडिओची सेवा उभी करायची तर सगळ्यात आधी अडेल ते दुभाष्यांच्या संख्येवर. शिकलेले दुभाषी मोजके आहेत, आणि रात्री तीन वाजता कामावर बसणारे आणखी कमी. प्रत्येक जिल्ह्यात एक नेमू, असं कोणी म्हणालं तर ते कागदावरच राहणार. दुभाष्यांचा एकच गट अनेक राज्यांनी मिळून चालवावा आणि गाडी पाठवायचा निर्णय मात्र स्थानिक केंद्रातच व्हावा, हे मला जास्त जमण्यासारखं वाटतं. त्यात अडचण येईल ती गावांच्या नावांची आणि प्रांताप्रमाणे बदलणाऱ्या खुणांची. दूरच्या दुभाष्याला ‘शाहूपुरी’साठी साताऱ्यात कोणती खूण करतात ते ठाऊक नसेल. त्यासाठी फोनने ठिकाण आपोआप पाठवायला हवं. दुभाष्याने नाव ओळखण्यात वेळ घालवू नये.

खेड्यापाड्यांत असे कर्णबधिर प्रौढही आहेत जे कधी शाळेत गेले नाहीत. त्यांना लिहिता येत नाही, भारतीय सांकेतिक भाषाही येत नाही. घरच्यांशी ते घरातल्याच खुणांनी बोलतात. त्यांच्यासाठी मेसेज आणि व्हिडिओ दोन्ही निरुपयोगी. ठिकाण पाठवणारं एक बटण आणि कामाला येणारा एक शेजारी, यापलीकडे आज तरी त्यांना देण्यासारखं काही नाही.

ज्यांना ऐकू येतं पण बोलता येत नाही त्यांची सोय त्यामानाने सोपी आहे, पण ती हमखास विसरली जाते. ते साधा कॉल करू शकतात. ऑपरेटरने फक्त म्हणायचं, ‘बोलता येत नसेल तर फोनवर एकदा टिचकी मारा.’ मग हो म्हणजे एक टिचकी, नाही म्हणजे दोन, आणि पत्ता मेसेजवर. ब्रिटनमध्ये मोबाईलवरून आलेल्या शांत कॉलला ५५ दाबायला सांगतात आणि मग तो पोलिसांकडे जातो. कर्णबधिर माणसाला ती सूचनाच ऐकू येत नाही, त्यामुळे त्याला तिचा उपयोग नाही.

केंद्राने काय करून ठेवायचं

पहिलं काम नोंदणीचं. ज्याची इच्छा असेल त्याने आपला नंबर केंद्राकडे द्यावा आणि सोबत दोनच गोष्टी, कोणत्या भाषेत लिहू आणि व्हिडिओ चालेल का. आजाराची फाईल, आधार, प्रमाणपत्र यांतलं काही नको. जितके कागद मागाल तितकी माणसं कमी नोंदतील. मग त्या नंबरवरून नुसता ब्लँक कॉल आला तरी पडद्यावर खूण दिसेल, आणि ऑपरेटर कॉल कापायच्या ऐवजी मेसेज करेल. संकटात माणूस शिकवलेलं ॲप शोधत बसत नाही, तोंडपाठ नंबर फिरवतो. त्यामुळे जुन्या वाटेने आलेल्यालाही ओळखता आलं पाहिजे. ॲपचं बटण दाबल्यावर केंद्राकडे ठिकाण गेलं, पण पुढचं पाऊल म्हणजे उलट फोन असेल, तर तिथेही हीच खूण लागते.

दुसरं काम माणसांचं. लेखी बातचीत आवाजी कॉलपेक्षा कितीतरी जास्त वेळ खाते. तिच्यावर बसलेल्या ऑपरेटरला त्याच वेळी आवाजी कॉलही दिले तर तो दोन्हीकडे कमी पडतो. कॉल किती सेकंदांत संपवला यावर त्याचं काम जोखलं जात असेल तर तो मेसेज लवकर आटपणारच. मोजायचं तर पहिल्या मेसेजपासून पत्ता पक्का होईपर्यंत किती वेळ गेला ते मोजावं, उत्तर न मिळालेले मेसेज किती ते मोजावेत, आणि ‘फोन उचलत नाही’ असा शेरा मारून बंद झालेल्या घटनांपैकी किती मेसेजवरून आल्या होत्या ते महिन्याला एकदा तरी उघडून पाहावं. मला या शेवटच्या आकड्याची सगळ्यात जास्त उत्सुकता आहे.

तिसरं, सराव. केंद्रातल्याच कर्मचाऱ्याने शेजारच्या खोलीतून शुद्ध मराठीत मेसेज पाठवून घेतलेली चाचणी उपयोगाची नाही. कर्णबधिर माणसांनी, त्यांच्या स्वतःच्या स्वस्त फोनवरून, त्यांच्या भाषेत मेसेज करायला हवेत. रविवारी पहाटे तीनला करायला हवेत, आणि गाडी प्रत्यक्ष दारापर्यंत यायला हवी. गाडी न हलवता केलेल्या सरावात ड्रायव्हरच्या फोनचा घोळ कधीच दिसणार नाही. लोकांना एरवीही आपला मेसेज जातो का हे पाहायला वेगळा सरावाचा शब्द किंवा नंबर द्यावा, म्हणजे ते खऱ्या ओळीवर चाचणी करणार नाहीत.

हे सगळं होईपर्यंत, ज्यांच्या घरात असं कोणी आहे त्यांना एक काम आजच करता येईल. फोनच्या मसुद्यांत एक मेसेज लिहून ठेवा, पत्ता आधी. ‘सातारा, शाहूपुरी, गणेश मंदिरामागे, मंदिराकडे तोंड करून डावीकडून ३री गल्ली, निळं गेट. कर्णबधिर. फोन नको, मेसेज करा. पोलीस / रुग्णवाहिका / आग.’ संकटात शेवटच्या तिनांतले दोन शब्द पुसायचे आणि पाठवायचा. हाच मसुदा ऐकू येणाऱ्या दोन शेजाऱ्यांच्या फोनमध्येही हवा, म्हणजे पोराचा मेसेज पाहून ते आवाजी कॉल लावतील तेव्हा पत्ता वाचून सांगता येईल. घर बदललं की तिन्ही फोनमधला मसुदा बदला.